शिडीवरून पडलो, ते कामावर

दुबईतलं एक गोदाम. मे महिन्यातली मंगळवारची सकाळ, दहाला वीस मिनिटं कमी. छतातल्या एसीचा फिल्टर काढायला शिडीवर चढलेला टेक्निशियन शिडीसकट सरकतो आणि साधारण दोन मीटरवरून फरशीवर आपटतो. पडताना डावा हात टेकलेला असतो. मनगट बघता बघता सुजतं. फोरमन त्याला गाडीत घालून क्लिनिकला नेतो, एक्स-रे निघतो, प्लॅस्टर चढतं आणि डॉक्टर चौदा दिवसांची रजा लिहून देतो. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर तो उजव्या हाताने मोबाइलवर कंपनीला निरोप टाइप करतो. त्याचा मराठीत अर्थ असा: ‘सर, मी आजारी आहे, कृपया चौदा दिवसांची रजा द्यावी, तसदीबद्दल क्षमस्व.’

निरोप नम्र आहे, व्याकरणही बरं आहे. तरीही या एका ओळीने त्याचं दीड महिन्यात आठशे दिरहमचं नुकसान होऊ शकतं.

ही कुणा एकाची हकिगत नव्हे. खेड, दापोली, महाडकडून आखातात गेलेल्या वायरमन, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर मंडळींच्या वाट्याला येऊ शकेल असा हा नमुन्याचा प्रसंग आहे. त्यातली माणसं कल्पित आहेत, कायदा मात्र खरा आहे. या कायद्यात ‘आजारी’ आणि ‘कामावर जखमी’ हे दोन शब्द दोन वेगळ्या कलमांत बसतात.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकऱ्यांना लागू असलेला कामगार कायदा २०२१ सालचा आहे, क्रमांक ३३. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३१ मध्ये आजारपणाची रजा येते. परीक्षेचा काळ, म्हणजे प्रोबेशन, संपलेल्या कामगाराला वर्षाला जास्तीत जास्त नव्वद दिवस ही रजा मिळते. त्यातले पहिले पंधरा दिवस पूर्ण पगारी, पुढचे तीस अर्ध्या पगारी आणि उरलेले पंचेचाळीस बिनपगारी असतात. कामावर झालेल्या दुखापतीसाठी कलम ३७ आहे. तिथे उपचाराचा खर्च मालकाने करायचा असतो आणि कामगार बरा होईपर्यंत, पण जास्तीत जास्त सहा महिने, पूर्ण पगार द्यायचा असतो. उपचार त्याहून लांबले तर पुढचे सहा महिने अर्धा पगार.

आता हिशेब मांडू. टेक्निशियनचा पगार महिन्याला १८०० दिरहम, म्हणजे दिवसाला ६० धरू. मनगटाचं हाड जुळायला आणि हात पुन्हा चालायला लागायला सहा आठवडे लागले, म्हणजे बेचाळीस दिवस. रजा आजारपणाची धरली तर पंधरा दिवसांचे ९०० आणि उरलेल्या सत्तावीस दिवसांचे अर्ध्या दराने ८१०, मिळून १७१० दिरहम. तीच रजा कामावरच्या दुखापतीची धरली तर २५२०. फरक ८१० दिरहमचा. शिवाय पहिल्या हिशेबात वर्षाच्या नव्वद दिवसांतले बेचाळीस खर्ची पडतात. नंतर डेंग्यू झाला तर राहिलेल्यातच भागवावं लागतं. तो अजून प्रोबेशनवर असेल, तर पहिल्या वाटेने हातात काहीच पडणार नाही.

यातली खोच अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पहिले पंधरा दिवस दोन्ही वाटांनी पगार पूर्णच येतो. फरक कळतो तो पुढच्या महिन्याची पगाराची स्लिप हातात पडल्यावर. तोवर शिडी दुसऱ्या साइटवर गेलेली असते, फोरमन कदाचित बदललेला असतो, आणि कंपनीच्या फाइलमध्ये एकच कागद असतो: ‘मी आजारी आहे.’

म्हणून खोलीतला जुना जाणता गडी टाइप करणाऱ्याला थांबवतो. “नुसतं सिक लिहू नकोस रे. पडलास कुठे, कधी, कसा, ते लिही. आधी वहीत लिही, मग मोबाइलवर.” वहीत म्हणजे देवनागरीत. इंग्रजीचं शाळेतच भय बसलेले कितीतरी जण इंग्रजी वाक्य आधी देवनागरी अक्षरांत लिहून, तोंडाने म्हणून बघतात आणि मग रोमन अक्षरांत उतरवतात. इथेही वाक्यं तशीच दिली आहेत.

पहिली ओळ विषयाची: ‘इंज्युरी अ‍ॅट वर्क ऑन १४ मे २०२४.’ कामावर झालेली दुखापत आणि तारीख. ‘लीव्ह अ‍ॅप्लिकेशन’ असा विषय घातला की पत्र रजेच्या ढिगात जातं. महिना अक्षरांत लिहिणं बरं. इथे अंगठा चालला, पण ५/६ अशी तारीख असती तर कुणी ती पाच जून वाचली असती आणि कुणी सहा मे.

मग पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य: ‘ऑन ट्यूजडे, १४ मे २०२४, अ‍ॅट अबाउट ९.४० ए. एम., आय फेल फ्रॉम अ लॅडर अ‍ॅट वर्क.’ मंगळवारी, १४ मे २०२४ रोजी, सकाळी सुमारे ९.४० वाजता, मी कामावर शिडीवरून पडलो. वार, तारीख, वेळ, कर्ता, क्रिया आणि जागा, सगळं एका वाक्यात आलं. शेवटचे दोन शब्द, ‘अ‍ॅट वर्क’, दिसायला किरकोळ आहेत, पण कलम ३१ आणि कलम ३७ यांच्यामधली भिंत तेच आहेत.

मराठी माणूस या वाक्यात तीन ठिकाणी घसरतो. पहिली जागा क्रियापदाची. ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’ आणि ‘फील’चा ‘फेल्ट’. ‘आय फेल्ट फ्रॉम लॅडर’ लिहिलं की पडण्याच्या जागी वाटणं येतं. दुसरी जागा काळाची. आपण सहज म्हणतो, ‘मी काल पडलो आहे’. त्याचं इंग्रजी ‘आय हॅव फॉलन यस्टर्डे’ असं होतं आणि ते चुकतं. वेळ नेमकी सांगितली की इंग्रजीला साधा भूतकाळ लागतो, तिथे ‘हॅव’ नको. तिसरी जागा कर्त्याची. ‘मला लागलं’ या मराठी वाक्यात कुणी काही केलेलंच नाही, लागणं आपणहून होतं. इंग्रजीत कुणी तरी कर्ता हवा. ‘आय इंज्युअर्ड माय लेफ्ट रिस्ट’ असं लिहिलं की काम होतं. त्यातून दोष स्वतःकडे जात नाही, कारण इंग्रजीत ते ‘माझ्या डाव्या मनगटाला दुखापत झाली’ एवढंच सांगतं.

मनगट या शब्दावर थोडं थांबायला हवं. मराठीत ‘हात मोडला’ म्हटलं की खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही मोडलेलं असू शकतं. पुढे कुठे ते ऐकणारा विचारून घेतो. इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे मनगटाच्या पुढचा भाग, पंजा. त्याच्या मागे ‘रिस्ट’, मग ‘फोरआर्म’, कोपर म्हणजे ‘एल्बो’ आणि दंडाला ‘अपर आर्म’. पायाचंही तसंच: ‘लेग’ वेगळा, घोटा म्हणजे ‘अँकल’ वेगळा, पाऊल म्हणजे ‘फुट’ वेगळं. हाताचं बोट ‘फिंगर’, पण पायाचं बोट ‘टो’. सर्वांत फसवा शब्द कंबर. कंबर दुखते म्हणून कामगार ‘वेस्ट पेन’ लिहितो. वेस्ट म्हणजे पट्टा बांधतो तो घेर. ओझं उचलताना जी कंबर धरते तिला इंग्रजीत ‘लोअर बॅक’ म्हणतात. पत्रातला अवयव आणि डॉक्टरच्या कागदावरचा अवयव जुळला नाही, तर दोन वेगळ्या दुखापती असल्याचा संशय घ्यायला वाव मिळतो. दुखापतीतून कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई त्या अवयवावर आणि तो किती निकामी झाला यावर ठरते, त्यामुळे डावा की उजवा हेही लिहायचं असतं. नेमका शब्द आठवत नसेल तर डॉक्टरच्या कागदावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावा. ‘रिस्ट’च्या सुरुवातीला उच्चारात नसलेला डब्ल्यू आहे. तो सुटला तर मोबाइल आपल्या मताने ‘रिस्क’ करून टाकू शकतो.

फ्रॅक्चरबद्दलही एक समजूत पक्की आहे, की फ्रॅक्चर म्हणजे नुसती चीर आणि हाड मोडणं ही वेगळी, मोठी गोष्ट. वैद्यकात दोन्ही एकच. मुका मार म्हणजे ‘ब्रूज’, लचक म्हणजे ‘स्प्रेन’. यांतलं काय आहे ते स्वतः ठरवू नये. पत्रात ‘द एक्स-रे शोज अ फ्रॅक्चर’, एक्स-रेत फ्रॅक्चर दिसतं, एवढंच लिहावं, म्हणजे निदान डॉक्टरच्या नावावर राहतं.

पुढचा भाग कारणाचा, आणि जपून लिहावा असा. ‘आय वॉज क्लीनिंग अ फिल्टर अबव्ह द सीलिंग. द लॅडर स्लिप्ट. वन रबर फुट वॉज मिसिंग.’ मी छतावरचा फिल्टर साफ करत होतो, शिडी सरकली, तिचा एक रबरी बूट नव्हता. तीन वाक्यं, तीन घटना. कामगाराच्या मनात मात्र दोन वेगळी वाक्यं घोळत असतात. एक रागाचं: कंपनीने मोडकी शिडी दिली. दुसरं संकोचाचं: सॉरी सर, माझ्याच चुकीने झालं.

रागाचं वाक्य खरं असलं तरी ते मत आहे, आणि मतावर वाद घालता येतो. एक रबरी बूट नव्हता ही वस्तुस्थिती आहे. फोटो असेल तर तिच्यावर वाद उरत नाही. संकोचाचं वाक्य त्याहून महाग पडतं. आपल्याकडे ‘क्षमस्व’ हा शिष्टाचार आहे. त्रास दिल्याबद्दल आपण माफी मागतो, गुन्हा केल्याबद्दल नव्हे. कागदावर मात्र ‘सॉरी फॉर माय मिस्टेक’ हा कबुलीजबाब म्हणून वाचला जातो. याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये भरपाई कधी मिळणार नाही त्याची यादी आहे: मुद्दाम करून घेतलेली दुखापत, दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेली दुखापत, दर्शनी जागी लावलेल्या सुरक्षेच्या सूचना जाणूनबुजून मोडल्यामुळे झालेली दुखापत. साधी नजरचूक आणि जाणूनबुजून केलेला भंग यांत कायदा फरक करतो. पण ‘माझी चूक’ म्हणताना आपण यांतलं कोणतं म्हणतोय, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नसतं, मग वाचणारा आपल्या सोयीचं घेतो.

याचा अर्थ गैरसोयीचं लपवावं असा नाही. हेल्मेट घातलं नव्हतं आणि कुणी विचारलं, तर नव्हतं असंच सांगावं. पत्रातलं एक वाक्य खोटं निघालं की उरलेल्या नऊ वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर साक्षीदार आणि उपचार. ‘द फोरमन सॉ द अ‍ॅक्सिडेंट अँड टुक मी टु द क्लिनिक.’ फोरमनने अपघात पाहिला आणि मला क्लिनिकला नेलं. मराठीत अ‍ॅक्सिडेंट म्हटलं की डोळ्यांपुढे गाडी येते, पण इंग्रजीत शिडीवरून पडणंही अ‍ॅक्सिडेंटच. फोरमनने खरंच पाहिलं असेल तरच ‘सॉ’ लिहायचं. तो आवाज ऐकून धावत आला असेल तर ‘केम आफ्टर आय फेल’, मी पडल्यानंतर आला, असं लिहावं. मग: ‘द डॉक्टर गेव्ह मी १४ डेज लीव्ह, फ्रॉम १४ मे टु २७ मे.’ चौदा दिवस मोजताना पहिला आणि शेवटचा दोन्ही धरायचे, नाहीतर एक दिवस बिनपगारी गैरहजेरीत जातो.

शेवटी मागणी. भारतीय कचेरीतलं लाडकं वाक्य इथे हमखास येतं: ‘प्लीज डू द नीडफुल’, जे काही करायचं ते करा. काय करायचं ते मात्र त्यात कुठेच नाही. वाचणारा अधिकारी फिलिपिनो, इजिप्शियन किंवा ब्रिटिश असेल तर त्याला हा वाक्प्रचारच अनोळखी असू शकतो, आणि त्याचा अर्थ काही न करता फाइल बंद करणं असाही होऊ शकतो. त्याऐवजी हे: ‘प्लीज रेकॉर्ड धिस अ‍ॅज अ वर्क इंज्युरी. प्लीज सेंड मी अ कॉपी ऑफ द अ‍ॅक्सिडेंट रिपोर्ट.’ याची नोंद कामावरची दुखापत म्हणून करा आणि अपघात अहवालाची प्रत मला पाठवा. दोन वाक्यं, दोन कामं. झाली की नाही हे आठवड्यानंतर तपासता येतं. नुकसानभरपाईचा आकडा या पत्रात मागायचा नसतो. हाड कसं जुळतंय हे अजून डॉक्टरलाही ठाऊक नाही.

खाली नाव, कंपनीतला क्रमांक, फोन. सोबत डॉक्टरचा कागद, एक्स-रेचा फोटो आणि शिडीचा फोटो. सगळं मिळून दहा-बारा वाक्यं झाली. त्यांतलं एकही पंधरा-वीस शब्दांपलीकडे जात नाही, आणि एखादं ‘अ’ किंवा ‘द’ चुकलं तरी अर्थाला धक्का लागत नाही. चुकायला नको त्या जागा चारच आहेत: तारीख, अवयव, ‘अ‍ॅट वर्क’ आणि शेवटची मागणी.

पत्र पाठवायचं कसं, हाही प्रश्न असतो. फोरमनला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप टाकला की कंपनीला कळवलं, असं पुष्कळांना वाटतं. निरोप फोरमनच्या मोबाइलमध्ये राहतो आणि फोरमन बदलला की त्याच्याबरोबर जातो. म्हणून कंपनीच्या एचआर विभागाला ईमेल करावी, तीही कंपनीने दिलेल्या पत्त्यावरून नव्हे तर स्वतःच्या. नोकरी सुटली तर कंपनीचा पत्ता बंद होतो आणि पुरावा त्यातच अडकतो. ईमेल जमत नसेल तर कागदावर दोन प्रती लिहून एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यावी. दिरंगाईही नको. साध्या आजारपणातसुद्धा तीन कामाच्या दिवसांच्या आत मालकाला कळवा, असं कलम ३१ सांगतं. अपघाताचं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवणं उत्तम, कारण उशिरा आलेल्या पत्राला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की तेव्हाच का नाही सांगितलं?

एवढं करूनही अडचण येते ती अरबी कागदाची. अमिरातीत कामगारांच्या नोंदींची आणि करारांची अधिकृत भाषा अरबी. दोन भाषांतल्या मजकुरात फरक निघाला तर अरबी मजकूर धरला जातो. चार दिवसांनी कुणी येऊन अरबी कागद पुढे करतं आणि म्हणतं, “बस, साइन कर दो, छुट्टी का पेपर है.” तो खरंच रजेचा असू शकतो. ‘पायऱ्यांवरून खोलीत पडलो’ असाही असू शकतो, किंवा सगळी देणी मिळाली असल्याची पावतीही. तेव्हा उपयोगी पडणारं वाक्य: ‘आय कॅनॉट रीड अ‍ॅरेबिक. प्लीज गिव्ह मी धिस इन इंग्लिश ऑर हिंदी.’ मला अरबी वाचता येत नाही, हे इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. ते तोंडी म्हणून भागत नाही. त्याच रात्री ईमेलने लिहून पाठवलं की तारखेसह नोंद राहते.

या पत्राला मर्यादा आहेत. कामगार मंत्रालयाकडे अपघात कळवण्याची मालकाची जबाबदारी कामगाराच्या पत्राने पार पडत नाही. घरकाम करणाऱ्यांसाठी अमिरातीत वेगळा कायदा आहे. दुबईच्या आणि अबुधाबीच्या वित्तीय केंद्रांतल्या कंपन्यांचे नोकरीचे नियमही निराळे. सौदी, कतार, कुवेतमध्ये दिवसांचे आकडे बदलतात. पत्राचा साचा मात्र तिथेही चालतो. उत्तरच आलं नाही तर दुबईत भारतीय दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा अमिरातीतला मोफत क्रमांक ८००४६३४२. तिथे फोन केला की पहिल्यांदा कागद मागितले जातात, आणि तेव्हा ही ईमेल हाताशी असावी लागते. इमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन गेलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय बीमा योजनेत दहा लाख रुपयांचा विमा असतो, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांसाठी. सहा आठवड्यांत भरून येणाऱ्या मनगटासाठी तो नाही. तिथे कलम ३७ हाच आधार.

आपल्या टेक्निशियनने ‘आजारी आहे’चा निरोप पाठवला नाही. वहीतली दहा-बारा वाक्यं त्याने उजव्या हाताने तासभर खपून टाइप केली आणि पाठवली. जूनच्या अखेरीस स्लिप आली, तरी त्यात काही दिवस अर्ध्या दराने लावलेले होते. हिशेबनिसाने सवयीने सगळी रजा आजारपणाच्या खात्यात टाकली होती. मग दुसरी ईमेल गेली, पहिलीच्याच उत्तरात, म्हणजे १४ मेची सगळी हकिगत आपोआप तिच्याखाली जोडली गेली. ही फक्त तीन वाक्यांची होती: ‘धिस वॉज अ वर्क इंज्युरी. प्लीज सी माय ईमेल बिलो. प्लीज करेक्ट माय सॅलरी फॉर २९ मे टु २४ जून.’ ही कामावरची दुखापत होती, खालची ईमेल पाहावी, २९ मे ते २४ जूनचा पगार दुरुस्त करावा. मोजले तर ते नेमके सत्तावीस दिवस भरतात.